बुलढाण्यावर पर्यटन फिल्म लिहायचीय, पण माहितीपत्रक वाचून दाखवल्यासारखी नको... कशी लिहू?

खामगावचा_बोरू
मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या बुलढाणा जिल्ह्यावर साडेतीन मिनिटांची पर्यटन फिल्म लिहायचं काम माझ्याकडे आलंय. आधी एका एजन्सीने ड्राफ्ट दिला होता, तो समितीतल्याच एका मॅडमनी परत पाठवला, म्हणाल्या हे कुठल्याही जिल्ह्याला चालेल की. त्याची सुरुवात वाचा:

"सह्याद्रीच्या कुशीत वसलेली, अध्यात्म, इतिहास आणि विज्ञान यांचा त्रिवेणी संगम असलेली ही पावन भूमी. इथल्या कणाकणात दडलाय शौर्याचा वारसा, इथल्या वाऱ्यात दरवळतो भक्तीचा सुगंध..."

पुढे असंच, एकूण व्हॉइसओव्हरचे ४२० शब्द. सोबत समितीने दिलेली ठिकाणांची यादी: लोणार, शेगाव, सिंदखेडराजा, मेहकरचा बालाजी, देऊळगावराजाचा बालाजी, ज्ञानगंगा अभयारण्य, अंबाबरवा, नांदुऱ्याचा मोठा हनुमान, खामगावची चांदी, आणि अजून बरंच. प्रत्येक तालुका दिसलाच पाहिजे असं तोंडी सांगितलंय. मला खोटं वाटणार नाही असं काहीतरी लिहायचंय पण सुरुवातच सुचत नाहीये. ज्यांनी अशी कामं केलीत त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही कुठून सुरू करता?

भटकी_मनीषा
बुलढाणा मस्तच! आम्ही डिसेंबरात चार जण जातोय, दोन ज्येष्ठ नागरिक आहेत. शेगावला भक्तनिवासात खोली आधी बुक होते का तिथे जाऊनच मिळते? आणि लोणार एका दिवसात होईल का?

खामगावचा_बोरू
@भटकी_मनीषा ताई हा धागा फिल्मच्या स्क्रिप्टबद्दल आहे हो. भक्तनिवासाचं संस्थानच्या ऑफिसात फोन करून विचारा. शेगावहून लोणार शंभर किलोमीटरच्या वर पडतं, ज्येष्ठांना घेऊन एका दिवसात जाऊन-येऊन नका करू.

जुना_रीळवाला
बोरूभाऊ, तू आत्ता मनीषाताईंना जे उत्तर दिलंस ना, तेच तुझ्या फिल्ममध्ये नाहीये. "शंभर किलोमीटरच्या वर आहे, एका दिवसात करू नका." हे वाक्य ऐकल्यावर माणूस म्हणतो, हा माझ्याशी बोलतोय. आणि कणाकणातला वारसा ऐकला की म्हणतो, हा समितीशी बोलतोय.

मी सरकारी आणि खासगी अशा दोन्हीकडच्या फिल्म्स लिहिल्यात, त्यावरून सांगतो. पहिलं काम, आलेल्या ड्राफ्टमधलं जिल्ह्याचं नाव खोडून तिथे नाशिक घाल, मग सातारा घाल. जे वाक्य तिन्ही ठिकाणी चालतं ते कापायचं, कितीही गोड असलं तरी. तू टाकलेल्या तुकड्यात काहीच उरत नाही. उलट "घाटावर आजही रेल्वे नाही" हे वाक्य घे. हे नाशिकला चालणार नाही.

दुसरं शब्दांचं. मराठी आरामात वाचली तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द जातात, म्हणजे साडेतीन मिनिटांत ४२० शब्द कोंबले तर पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत माणूस बोलतच राहणार. वाऱ्याला, पाण्याला, बाजारातल्या गलक्याला जागाच नाही. माझा हिशोब असा की निम्म्याहून जास्त वेळ व्हॉइसओव्हर गप्प हवा. तुझ्याकडे दीडशे शब्द आहेत असं समज आणि त्यात बसव.

सातपुड्याचा_पाहुणा
सह्याद्री?? बुलढाण्यात सह्याद्री कुठून आणला त्या एजन्सीने 😄 आपल्याकडे अजिंठ्याची रांग, आणि उत्तरेला जळगाव जामोदकडे सातपुडा. पुण्याच्या कुठल्यातरी फिल्मचं कॉपी पेस्ट दिसतंय.

भूगोलवाल्या_काकू
अजिंठ्याची रांग सह्याद्रीचाच फाटा म्हणून शाळेत शिकवतात हो, तेव्हा अगदीच चूक म्हणता येत नाही. पण बुलढाण्यातला कोणी "मी सह्याद्रीत राहतो" असं म्हणेल का, तर नाही. त्या अर्थाने काढावंच.

लोणारचा_गजू
भाऊ मी लोणारचाच हाये. तुम्ही लोक येता, ड्रोन उडवता, न् जाता. मंग पाहुणे येतात न् आम्हाले विचारतात गुलाबी पानी कुठं हाये. आता काय सांगावं त्यायले? ते २०२० च्या जूनमधी झालं होतं, काही दिवस राह्यलं न् गेलं. पन फोटो अजून फिरून राह्यला. परवा एक फॅमिली नाशकावरून आली, पोरगी रडाले लागली का पानी हिरवं हाये म्हनून. तुमच्या फिल्ममधी गुलाबी दाखवसान तं पहिले मले सांगून ठेवा, मी त्या हप्त्यात दुकान बंद ठेवतो.

खामगावचा_बोरू
@लोणारचा_गजू भाऊ समितीच्या यादीत पहिलंच वाक्य तेच आहे, "गुलाबी सरोवर ठळकपणे दाखवावे". काय करू सांगा.

जुना_रीळवाला
दाखव, पण तारखेसकट. जुना फोटो पूर्ण पडदाभर न लावता चौकटीत, फोटो आहे हे कळेल असा, आणि वर लिही: जून २०२०. मग लगेच आजचं हिरवं पाणी, त्यावर शूटिंगचा महिना. आवाजात एकच वाक्य पुरे, "हे एकदा झालं, परत कधी होईल सांगता येत नाही." समितीला त्यांचं गुलाबी मिळालं आणि गजूला दुकान बंद ठेवावं लागत नाही.

महिना पडद्यावर लिहिणं ही माझी जुनी सवय आहे, सगळ्या फिल्मला लाव. बुलढाणा सप्टेंबरात हिरवागार दिसतो, तेच एप्रिल-मेमध्ये घाटाखाली उन्हाने कातडी सोलते. शूटिंग सगळे पावसाळ्यानंतरच ठेवतात, फिल्म दाखवली जाते उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी. इथेच फसवणूक होते, कोणी ठरवून खोटं बोलत नाही तरी. कोपऱ्यात "सप्टेंबर, सकाळी ७" एवढं लिहिलं की बघणारा आपलं आपण ठरवतो.

मालवणी_होमस्टे
हे महिन्याचं अगदी पटलं. आमचं तारकर्लीजवळ छोटं होमस्टे आहे. आमच्या भागावर एक व्हिडिओ आला होता, निळंशार पाणी, स्कुबा, डॉल्फिन. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाहुणे हजर, स्कुबा कुठाय विचारतायत. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, समुद्र गढूळ, लाटा ह्या एवढ्या. चूक आमची नाही पण रिव्ह्यू आमच्या नावावर पडला, "मिसलीडिंग" म्हणून एक स्टार. खरं तर पावसातला मालवण मला जास्त आवडतो, पण तो कोणी दाखवतच नाही. तुमच्या फिल्ममध्ये उन्हाळा पण दाखवा दोन शॉट, लोक पळून नाही जाणार.

कॅमेरा_आणि_चहा
माझं मत, व्हॉइसओव्हर टाकूच नका. जगात सगळे आता नुसतं व्हिज्युअल आणि म्युझिक करतात. शब्द आले की ब्रोशर होतंच. ड्रोनने लोणार वरून गोल घ्या, ज्ञानगंगात एखादा वाघाचा स्टॉक शॉट टाका, शेगावची पालखी स्लो मोशनमध्ये, काम झालं.

जुना_रीळवाला
@कॅमेरा_आणि_चहा शब्द कमी करा इथपर्यंत तुझ्याशी सहमत. पण सगळे शब्द काढले की खोटेपणा जात नाही, उलट लपायला जागा मिळते. नुसत्या चित्रावर संगीत टाकलं की ती कुठलीही टेकडी आणि कुठलंही देऊळ होतं. आणि वाघाचा स्टॉक शॉट म्हणजे सरळ खोटं झालं. ज्ञानगंगा म्हणजे मुख्यतः बिबटे आणि अस्वलांचं जंगल.

बोरू, त्या वाघाची खरी गोष्ट त्या शॉटपेक्षा कितीतरी मोठी आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर वाघ निघाला, तेलंगणाचा भाग ओलांडून, शेतं, महामार्ग पार करत हजारावर किलोमीटर चालत ज्ञानगंगात पोचला. तो ह्या जंगलात आला हीच बातमी. ही गोष्ट सांगायला वाघ दिसायची गरजच नाही, बोथा घाटाचा रिकामा रस्ता दाखव आणि तीन वाक्यं बोल. आता आत काय आहे ते मात्र वनखात्याकडून ताजं विचारून घे, जुन्या बातमीवर लिहू नकोस.

कॅमेरा_आणि_चहा
ओके वाघाचं मान्य. पण ड्रोन तरी?

जुना_रीळवाला
ड्रोन एकदाच. लोणारचा गोल आकार जमिनीवरून एका नजरेत मावत नाही, तिथे त्याचं खरं काम आहे. बाकी ठिकाणी वरून घेतलेला शॉट म्हणजे कोणाशीच न बोलता काढता पाय घेणं. शिवाय लोणार अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते, दैत्यसूदन मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे त्याचं वेगळं पत्र लागतं, आणि ड्रोनची नोंदणी न् हवाई परवानगी वेगळीच. स्क्रिप्टमध्येच समासात लिहून ठेव कुठल्या शॉटला कुणाचं पत्र, नाहीतर शूटिंगच्या दिवशी गेटवर उभे राहाल आणि मग जे मिळेल ते शूट कराल, आणि तेच ब्रोशर होतं.

मेहकरची_लेक
मी मेहकरची, आता पुण्यात. एक सुचवू का? बाहेरच्यांना कळत नाही पण आपल्या जिल्ह्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न असतो "घाटावरचे का घाटाखालचे?" सगळा जिल्हाच त्याच्यावर उभाय. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी कपाशीची जमीन, गरमी, रेल्वे, शेगाव-खामगाव-मलकापूरचे बाजार. घाटावर थंड हवा, दगडधोंडा, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. सोयरीक जमवताना पण हे बघतात, माझी आजी म्हणायची घाटाखाली पोरगी द्यायची नाही, उन्हानं वाळते 😄

जुना_रीळवाला
@मेहकरची_लेक हेच तर हवं होतं. बोरू, तुझा सांगाडा मिळाला बघ. यादीतलं ठिकाणामागून ठिकाण लावू नको. एक माणूस शेगाव स्टेशनवर उतरतो, घाट चढतो, लोणारच्या काठावर संपतो. एवढाच प्रवास. जे वाटेत येतं ते फिल्ममध्ये येतं. घाट चढताना हवा बदलते, बोली थोडी बदलते, शेतातलं पीक बदलतं, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही, दिसतं.

खामगावचा_बोरू
हे जबरी आहे. पण मग सिंदखेडराजा? तो वाटेत येत नाही, आणि जिजाऊंचं जन्मस्थान सोडलं तर मला जिल्ह्यात राहू देणार नाहीत. आणि देऊळगावराजा, नांदुरा, जळगाव जामोद हे सगळे विचारणार ना.

जुना_रीळवाला
सिंदखेडराजा सोडायचा नाहीच. प्रवास दोन दिवसांचा कर, लोणारला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा. फक्त तिथे १२ जानेवारीची गर्दी दाखवायची का एखाद्या साध्या मंगळवारचा लखुजीराव जाधवांचा वाडा, हे ठरव. मी दुसरं घेईन. जयंतीला लाखोंची गर्दी असते, ती बातम्यांत दिसतेच. पण पर्यटक ज्या दिवशी जाणार त्या दिवशी वाडा शांत असणार, मोतीतलावाच्या भिंतीवर कोणी पोरं बसलेली असणार. तेच दाखवलं की पोचल्यावर त्याला जे अपेक्षित होतं ते मिळतं.

तालुक्यांचा प्रश्न राजकारणाचा आहे, लेखनाने सुटत नाही. मी असं करतो, मुख्य फिल्म एकच प्रवास, आणि त्याच शूटिंगमध्ये प्रत्येक तालुक्यासाठी चाळीस सेकंदांची वेगळी छोटी पट्टी. समितीला पहिल्याच मीटिंगमध्ये हे कागदावर दाखव, फिल्म दाखवून झाल्यावर नको. प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी हातात मिळालं की मुख्य फिल्ममध्ये घुसवाघुसव कमी होते. बंद होत नाही, कमी होते.

खामगावचा_बोरू
काल रात्री बसून लोणारचा भाग लिहिला, साधारण पन्नास सेकंद. झोडपा:

दृश्य: लोणारचा काठ, सकाळ, धुकं. पडद्यावर: सप्टेंबर, सकाळी ७
आवाज: वारा, मोर. संगीत नाही. (१० सेकंद)
दृश्य: झाडीतून खाली उतरणारी वाट, कोणाचे तरी पाय
व्हॉइसओव्हर: "उल्का आदळून झालेला हा खड्डा, बेसॉल्टमधला जगातला एकमेव. ह्या काठापासून त्या काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर."
दृश्य: तळाशी पाणी, पडकं देऊळ
स्थानिक माणूस: "वास येते ना? सगळ्यायलेच येते. धा मिनिटात नाक शिकते."
व्हॉइसओव्हर: "वाट उतरायला सोपी. चढायला नाही. पाणी बरोबर घ्या."

भूगोलवाल्या_काकू
छान जमलंय, पण "जगातला एकमेव" काढा. सगळीकडे तेच छापतात, बोर्डावर पण आहे. ब्राझीलमध्ये बेसॉल्टवर झालेली आघातविवरं सापडलीयेत, वार्जेआव वगैरे. लोणारचं खरं वैशिष्ट्य असं की ते बेसॉल्टमधलं असून एवढं सुस्थितीत आहे, काठ आणि आकार अजून शाबूत, त्यामुळे मंगळावरच्या आणि चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना ते उपयोगी पडतं. वयाचं पण असंच. पूर्वी सगळे सरसकट ५० हजार वर्षं म्हणायचे, नंतर दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर ५ लाख ७० हजार आलं. दोन्ही आकडे फिरतात. शिक्षक म्हणून सांगते, "एकमत नाही" असं फिल्ममध्ये म्हटलं तर मुलं कान टवकारतात.

सातपुड्याचा_पाहुणा
काकू पण "एकमेव" काढलं तर लोक येतील का? टुरिस्टला एकमेव, सर्वात मोठा, सर्वात जुना हेच लागतं ना.

भूगोलवाल्या_काकू
एक माणूस फोनवर शोधेल आणि ब्राझील सापडेल, मग बाकी सगळ्या फिल्मवरचा विश्वास गेला. तुम्ही ठरवा.

जुना_रीळवाला
काकूंना माझं अनुमोदन. आता "नाक शिकते" बद्दल. बोरू, हे वाक्य तू लिहिलंस की कोणी तुला म्हटलं?

खामगावचा_बोरू
मीच लिहिलं. वऱ्हाडी आहे तर छान वाटेल म्हणून.

लोणारचा_गजू
असं कोनी नाही म्हनत भाऊ. आम्ही म्हनतो "सवय होते". नाक शिकते म्हने 😂

जुना_रीळवाला
हेच. स्थानिक माणसाच्या तोंडी तू लिहिलेलं वाक्य घातलंस की तो नट होतो, आणि त्याच्याकडून चार टेक घेतलेस की त्याचा आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनातला होतो. म्हणून अशा स्क्रिप्टमध्ये मी माणसाच्या खान्यात उत्तर लिहीत नाही, प्रश्न लिहितो. "इथे गजू" आणि खाली तीन प्रश्न. उत्तर येईल ते येईल, त्यानुसार एडिटनंतर व्हॉइसओव्हर पुन्हा लिहायचा. आधी माणसं, मग तुझे शब्द. समितीला मंजुरीसाठी पूर्ण कागद हवा असतो म्हणून सगळे उलट करतात. त्यांना लिही की "स्थानिकांचं मनोगत, सुमारे आठ सेकंद, विषय: वास आणि वाट". एवढ्यावर सही मिळते.

आणि प्रश्न कसे विचारायचे ते महत्त्वाचं. "तुम्हाला तुमच्या लोणारबद्दल कसं वाटतं?" असं विचारलंस तर "खूप अभिमान वाटतो" एवढंच मिळेल, जगात कुठेही. त्याऐवजी विचार, तुमच्याकडे पाहुणा आला तर त्याला पहिले कुठे नेता? कुठे नेत नाही? लोक इथे येऊन कशावर चिडतात? पावसाळ्यात इथे काय बदलतं? असं विचारलं की माणूस अभिमान विसरून माहिती सांगायला लागतो.

खामगावचा_बोरू
@लोणारचा_गजू भाऊ मग तुम्हालाच विचारतो, पाहुणे कशावर चिडतात?

लोणारचा_गजू
वास, माकडं न् उतरल्यावर चढाव. बुटं घालून येत नाहीत बाया, चपलीवर उतरतात. गोमुखाजवळ गर्दी असली का धारेखाली आंघोळ करायला भांडतात. दैत्यसूदन गावातच हाये तरी निम्मे लोक पाहतच नाहीत, सरळ तळ्यावर जातात न् सेल्फी काढून परत. न् अजून एक, आता पानी लय वाढलं हाये गेल्या काही सालात, कमळजा देवीच्या देवळाले लागलं. पहिले तुम्ही जो फोटो पाहता देवळासमोर कोरडी जागा वाली, ती जागाच नाही राह्यली. जुने शॉट टाकू नका बाप्पा.

मेहकरची_लेक
हे तर मला पण माहीत नव्हतं. लहानपणी आम्ही त्या देवळापर्यंत कोरडे चालत जायचो.

खामगावचा_बोरू
@लोणारचा_गजू हे सगळंच घेतो भाऊ, आणि शूटिंगला तुम्ही लागालच. दैत्यसूदनबद्दल व्हॉइसओव्हरमध्ये एवढंच टाकतोय: "तळ्याला जायच्या आधी गावातलं देऊळ बघा. बरेच जण चुकवतात."

शेगावचं पण विचारायचंय. समितीला मंदिराचा गाभारा हवाय, आनंदसागर हवाय.

जुना_रीळवाला
गाभाऱ्याचं संस्थान काय म्हणतं ते आधी विचार, नाही म्हणाले तर गुपचूप मोबाईलने घेण्याचा विचारही नको. आणि मला विचारशील तर शेगावची खरी ओळख तिथल्या सेवेकऱ्यांत आहे. एवढी गर्दी आणि एवढी शिस्त, फरशी सतत पुसली जातेय, चपला ठेवणारा माणूस हात जोडून "माऊली" म्हणतो. तो माणूस घरी शेतकरी असेल नाहीतर सरकारी नोकर, सेवेच्या दिवशी इथे चपला सांभाळतो. पाच सेकंदांत गाभाऱ्याहून जास्त सांगतो तो. आनंदसागर पूर्वीसारखं सगळं खुलं आहे का ते जाऊन बघ, मगच एक फ्रेम टाक. जुन्या फिल्ममधलं फुटेज हौसेने वापरलं की शेगावला आलेली पोरं गेटवर हिरमुसतात.

भटकी_मनीषा
अरे वा हे मला कामाचं निघालं! आम्ही आनंदसागरसाठीच पोरांना नेणार होतो. धन्यवाद सगळ्यांना. आणि लोणारसाठी बूट घेणार.

संग्रामपूरचा_शेतकरी
सगळं वाचलं. छान चाललंय. पण एक विचारतो. तुम्ही "प्रामाणिक" म्हणता. घाटाखाली आमचा खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी खारट, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच पिलं, किडनीचे आजार घरोघरी. तुमची फिल्म शेगावहून निघते, खारपाणपट्ट्यातून जाते आणि त्याचं नावही घेत नाही. वास दाखवला, चढाव दाखवला, म्हणजे प्रामाणिक झालं का?

सातपुड्याचा_पाहुणा
काका पण ही पर्यटनाची फिल्म आहे, त्यात आजार दाखवून कोण येणार? त्यासाठी डॉक्युमेंटरी वेगळी.

संग्रामपूरचा_शेतकरी
मी दाखवा म्हणत नाही. विचारतोय.

जुना_रीळवाला
काका, ह्याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. माझी रेघ अशी असते: पाहुण्याला पोचल्यावर जे भेटणार आहे त्याबद्दल खोटं बोलायचं नाही. जे त्याला भेटणार नाही पण तुम्हाला रोज भेटतं, ते त्या साडेतीन मिनिटांत सहानुभूतीसाठी वापरलं तर तेही तुमच्यावर अन्यायच वाटतो मला. पण खारपाणपट्टा हा नुसता आजार नाही, तो त्या जमिनीचा स्वभाव आहे. "इथलं विहिरीचं पाणी खारट आहे, म्हणून इथली शेती वेगळी" असं एक वाक्य घाट चढायच्या आधी बसू शकतं. समिती ते ठेवेल का, ते सांगता येत नाही.

मेहकरची_लेक
मला वाटतं ते वाक्य हवंच. लोणारचं पाणी खारं, घाटाखालच्या विहिरी खाऱ्या, जिल्ह्याच्या दोन टोकांना खारं पाणी. एकाला सगळे फोटो काढायला येतात, दुसऱ्याकडे कोणी बघत नाही.

भूगोलवाल्या_काकू
दोन्हींची कारणं वेगळी आहेत हं, लोणारचं पाणी क्षारयुक्त आणि चांगलंच अल्कधर्मी, पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल वेगळ्या कारणाने खारं. फिल्ममध्ये एकत्र जोडू नका, चुकीचा समज होईल.

खामगावचा_बोरू
काका, मी दोन ड्राफ्ट पाठवतोय, एकात खारपाणपट्ट्याचं वाक्य आहे, एकात नाही. कुठला पास होतो ते इथे सांगेन. आणि काकू, जोडणार नाही, वेगळंच ठेवतो.

शेवटचा एक प्रश्न राहिला, आवाज. समितीला मुंबईचा कोणीतरी भारदस्त आवाज हवाय, आणि हिंदी व्हर्जन पण.

कॅमेरा_आणि_चहा
हिंदी तर लागणारच, शेगावला अर्धे भाविक मध्य प्रदेशातून येतात.

जुना_रीळवाला
अर्धे म्हणू नको, बरेच म्हण. हिंदी कर, पण फक्त व्हॉइसओव्हर हिंदीत बदल. गजू आणि बाकीची माणसं वऱ्हाडीतच राहू दे आणि खाली हिंदी अक्षरं दे. त्यांचं डबिंग केलं की संपलं. आणि भारदस्त आवाज आधी नको म्हणून भांडू नकोस. तुझे दीडशे शब्द जिल्ह्यातल्याच कोणाकडून, एखाद्या शाळेतल्या बाईंकडून, शांत खोलीत चांगल्या माइकवर रेकॉर्ड कर आणि रफ कटवर लाव. "तात्पुरता आवाज आहे" असं सांगून समितीला दाखव. दोन-तीन वेळा ऐकून कानाला तोच आवाज बसतो, मग मुंबईचा आणला तर त्यांनाच परका वाटायला लागतो.

लोणारचा_गजू
बाईंचा आवाज पायजे असंल तं आमच्या मेव्हणीले विचारा, झेडपीच्या शाळेत हाये, पोरं घाबरतात तिले 😄 पन रविवारी या, बाकी दिवस तिले टाइम नसते.